सोळा ओळींमागे एक झेंडू

आमचे मालक टोमॅटोवर औषध मारायला निघायचे ते नवरदेव निघावा तसे. आधी अंघोळ, मग देवाला नमस्कार, मग डोक्याला उपरणं आणि पाठीवर सोळा लिटरचा पंप. तोंडाला मात्र काही नाही. "फडकं बांधलं की जीव कोंडतो," म्हणायचे. हातमोजे आणून दिले, तर त्यात त्यांनी मिरचीचं बी साठवून ठेवलं. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ही वरात निघायची आणि मी बांधावर उभी राहून बघायची. सांगवीच्या आमच्या शिवारात सगळ्याच घरांची ही तऱ्हा. ज्याच्या घरी पंप वाळलेला दिसला, त्याच्या घरी माणूस आजारी आहे की काय असं लोक विचारतात.

मग दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या घरी खरंच माणूस आजारी पडला. भर दुपारी, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून मारत होते. मी भाकरी घेऊन गेले तर हे ओळीत बसलेले. घामाने निथळत होते, तोंडाला लाळ, हात थरथरत होते. मला बघून म्हणाले, "दोन ओळी राहिल्यात." बारामतीला दवाखान्यात तीन दिवस ठेवलं. घरी सोडताना डॉक्टर मला म्हणाले, "बाई, यांच्या पाठीवर पुन्हा पंप दिसला तर मी यांच्यावर नाही, तुमच्यावर रागावणार." आता हा कुठला न्याय? पण डॉक्टर शहाणे होते. त्या घरात कोण ऐकतं आणि कोण ऐकत नाही, ते त्यांनी तीन दिवसांत ओळखलं होतं.

पंप शेडमध्ये खुंटीला टांगला. एक हंगाम आम्ही गावातल्या फवारणीवाल्याला बोलावलं. तो यायचा तेव्हा यायचा. अळी सोमवारी दिसली तर हा शुक्रवारी. आला की मालक त्याच्या मागे मागे ओळीतून फिरायचे, "हितं राहिलं, पानाच्या खालनं मार" म्हणत. म्हणजे औषध त्याच्या पाठीवर आणि वास यांच्या नाकात. शेवटी एकदा फवारणीवालाच मला म्हणाला, "वहिनी, यांना घरात बांधून ठेवा, न्हाय तर मी येत न्हाय."

मालकांचं म्हणणं एकच, "दुसऱ्यानं केलेली फवारणी म्हणजे दुसऱ्यानं केलेली अंघोळ. आपलं अंग कोरडंच राहतं."

मला दिसत होतं, पुढच्या टोमॅटोला हे पंप काढणार. लपून काढणार, पण काढणार.

अशा वेळी माझ्या फोनवर ती बाई आली. डोक्यावर मोठी टोपी, हातात टोपली, कुठल्या तरी थंड देशातल्या बागेत उभी. तिच्या टोमॅटोच्या मधे मधे झेंडू, मधे मधे तुळशीसारखं हिरवंगार काहीतरी. खाली हिंदीत लिहून येत होतं की झेंडू सगळे किडे पळवतो, तुळस माशा पळवते, मुळातल्या गाठी जातात, टोमॅटोची चवही वाढते. औषधाचा थेंब नको. मी ते चारदा बघितलं. चौथ्यांदा आत्याबाईंना दाखवलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी फोन लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "हिच्या हाताला माती न्हाय लागली कुठं."

"पण आत्याबाई, झेंडू बघा की!"

"झेंडू झ्याक हाय. बाई खोटी हाय."

आत्याबाईंचं निदान अर्धं बरोबर निघालं, हे मला चार महिन्यांनी कळलं.

आमच्या भागाच्या कृषी सहायक मॅडम स्कूटीवर येतात, त्यांना मी गाठलं. त्यांचा चेहरा कायम दोन बैठका उरकून तिसरीला निघाल्यासारखा असतो. त्यांना व्हिडिओ दाखवला तर त्या हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "ताई, झेंडू किडे पळवत नाही. बोलावतो."

"म्हणजे?"

"टोमॅटोत जी फळ पोखरणारी हिरवी अळी असते, तिच्या पतंगाला झेंडूची कळी टोमॅटोपेक्षा जास्त आवडते. तो अंडी तिथं घालतो. म्हणून झेंडू लावायचा. सोळा ओळी टोमॅटोच्या, एक झेंडूची. उंच वाढणारा झेंडू घ्या, आणि त्याचं बी टोमॅटोच्या बियाच्या पंधरा-वीस दिवस आधी टाका. लावताना झेंडूचं रोप चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं हवं, टोमॅटोचं पंचवीस. दोघं एकदम फुलाला आले पाहिजेत. झेंडू उशिरा फुलला तर पतंग काय वाट बघत बसणार आहे?"

"आणि तुळस?"

"व्हिडिओतली ती आपली तुळस नाही, सब्ज्याची जात आहे. आपल्या तुळशीची चुलत बहीण. लावा. फुलावर मधमाश्या येतात, मित्रकीटक येतात. वासाने शेजारच्या रोपावरची पांढरी माशी थोडी बिचकत असेल. पण अख्ख्या रानाची राखण तुळशीकडून होत नाही."

"आणि मुळातल्या गाठी?"

"त्या सूत्रकृमीच्या. त्याला झेंडूचा उपयोग होतो, पण अख्ख्या रानात दाट झेंडू लावून, दोन-तीन महिने वाढवून, तो रानातच गाडला तर. मग पुढचं पीक. दोन ओळींनी नाही होत." मग स्कूटीवर बसता बसता त्यांनी बोट उगारलं. "आणि सगळ्यात महत्त्वाचं. हा सापळा आहे, शोभा नाही. अळी लागलेली कळी, फूल दिसलं की तोडायचं आणि बादलीत बुडवायचं. रोज. रोज म्हणजे रोज."

मी मान हलवली. रोज या शब्दावर बायका मान हलवतातच. आम्हाला रोज न करायचं काही माहीतच नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या कानात राहिलं ते एवढंच, की झेंडू लावला की अळी टोमॅटोत जात नाही. घरी येऊन मालकांना तेवढंच सांगितलं, वर हात हलवून, पतंग कसा टोमॅटोवरून तोंड फिरवून झेंडूकडे जातो ते करूनसुद्धा दाखवलं. मालक भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "आणि त्या पतंगाला हे कुणी सांगितलंय?"

"मॅडमनी."

"मग झालं तर."

जूनच्या मध्याला झेंडूचं बी टाकलं, जुलैच्या सुरुवातीला टोमॅटोचं. वीस गुंठे रान, मल्चिंगचा कागद, ठिबक, बत्तीस ओळी टोमॅटोच्या आणि दोन झेंडूच्या. आत्याबाईंनी अंगणातल्या वृंदावनाखाली उगवलेली तुळशीची रोपं काढून दिली, आणि तिथून आमचे हाल सुरू झाले. मी ती रोपं प्रत्येक ओळीच्या तोंडाशी लावली. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी हळदकुंकवाची वाटी घेऊन बत्तीस ओळींना फेरी मारली. मग हुकूम काढला की तुळशीजवळून कुणी चप्पल घालून जायचं नाही. बांधणीला, म्हणजे टोमॅटोची झाडं तारेला बांधायला, आलेल्या बायका ओळीच्या तोंडाशी आल्या की चप्पल काढायच्या, आत जाताना हातात घ्यायच्या, बाहेर येताना पुन्हा. एक म्हणाली, "वैनी, तुमच्या टमाट्यात काम करायचं का दर्शन घ्यायचं?" दुसरी म्हणाली, "पेढं वाटा मग संध्याकाळी." मी हसत होते, पण दिवसाकाठी निम्मी बांधणी व्हायची आणि उरलेली संध्याकाळी मी आणि मालक करायचो. कंबर धरून घरी यायचो. साथीला पीक लावलं की पिकाचं काम कमी होतं, असं त्या टोपीवालीने सांगितलं होतं. तिच्याकडे आत्याबाई नव्हत्या.

ऑगस्टात राखीला माहेरी गेले. माझं माहेर इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या पुढे. दादाची पेरूची बाग आहे. मी गेल्या गेल्या तुळशीचं पुराण सुरू केलं, माशा कशा पळतात वगैरे. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चल, तुला गंमत दाखवतो." बागेत झाडाला प्लास्टिकची बाटली टांगली होती, बाजूला भोकं पाडलेली. त्याचं फळमाशीचं विकत आणलेलं आमिष संपलं होतं, म्हणून त्याने तुळशीचा पाला चेचून आत ठेवला होता, खाली थोडं औषधाचं पाणी. तळाशी फळमाश्या मरून पडल्या होत्या आणि वर अजून भोकाभोवती घुटमळत होत्या.

"या सगळ्या नर," दादा म्हणाला. "तुळशीच्या वासाला येतात. पेरूवरची माशी हां. तुमच्या दोडक्या-कारल्यावरची वेगळी, ती ढुंकूनसुद्धा बघत न्हाय."

"अरे, पण तुळस माशा हाकलते ना?"

"हाकलते? अगं, वऱ्हाड आलंय बघ वऱ्हाड! सगळे नवरदेव, नवरी एक न्हाय."

मी बाटलीकडे बघत राहिले. मग मला वाटलं, आपण झाडांना आपल्या सोयीचे स्वभाव देऊन ठेवलेत. तुळस पवित्र म्हणून ती सगळं वाईट दूर ठेवणार. झेंडू देवाचा म्हणून तो राखण करणार. झाडांना यातलं काही ठाऊक नाही. तुळशीला वास आहे, तो कुणाला आवडतो, कुणाला आवडत नाही, एवढंच. दादाला मात्र मी म्हटलं, "तुझी तुळस इंदापूरची आहे, आमची सांगवीची. फरक असतो."

परत आले तेव्हा झेंडूला कळ्या धरल्या होत्या आणि टोमॅटोला पिवळी फुलं दिसू लागली होती. मॅडमचा हिशेब दिवसाला दिवस जुळला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या दोन ओळी अशा पेटल्या की रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून बघायचे. आणि टोमॅटो स्वच्छ. हिरवी लहान फळं, एकाला भोक नाही. मालक रोज सकाळी ओळीतून फिरायचे, पानं उलटी करून बघायचे आणि काही न बोलता परत यायचे. एकदा मात्र चहा पिता पिता म्हणाले, "न्हाय गं अळी." त्या तीन शब्दांवर मी आठ दिवस जगले. शेजारणींना बोलावून बोलावून रान दाखवलं. टोपीवालीचा हातवारा मला तोंडपाठ होता, तसा करून दाखवला. शेडमधला पंप धुळीने पांढरा झाला होता, तोही दाखवला. इतकं कौतुक माझ्या लग्नात माझं झालं नव्हतं.

आणि ऐन या वेळी आत्याबाईंनी नवस सांगितला.

मालक दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी गावच्या देवीला बोलून ठेवलं होतं, पोरगं धड घरी आलं तर एका वर्षी नऊही माळा आपल्या रानातल्या फुलांच्या घालीन. घटस्थापनेपासून रोज एक माळ. मागच्या वर्षी रानात फूल नव्हतं. यंदा दोन ओळी भरून होती.

"तवा आता कुणी फुलाला हात लावायचा न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "पैली माळ पडूस्तर एक फूल खाली यायचं न्हाय. आन् त्याच्यावर काय मारायचं तर बिलकूल न्हाय. देवीचं हाय ते."

मला मॅडमचं उगारलेलं बोट आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण टोमॅटो स्वच्छ होता, फुलं सुंदर होती, आणि नवस माझ्याच नवऱ्याच्या जिवासाठी बोललेला होता. कुठली बाई म्हणेल, आत्याबाई, तुमच्या पोराच्या जिवाची फुलं मला बादलीत बुडवायचीत? मी म्हटलं, "बरं." शिवाय मला ते आवडलंही होतं. नऊ माळा, भगव्या-पिवळ्या, आमच्या रानातल्या. गावाला दिसलं असतं.

तीन आठवडे आम्ही त्या फुलांना हात लावला नाही. बांधणीच्या बायका त्यांनाही चप्पल काढून वळसा घालायच्या.

घटस्थापनेला आठ दिवस राहिले असताना मालक सकाळी रानातून आले आणि ओट्यावर सात-आठ टोमॅटो ठेवले. प्रत्येकाला देठाजवळ गोल भोक. एका भोकात अळी अजून अर्धी बाहेर, अर्धी आत, निवांत.  हात धुतले आणि शेडकडे गेले. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला म्हणून मी बघायला गेले, तर पंप खाली काढलेला, धुऊन लख्ख केलेला, आणि हे नोझलमधली घाण सुईने काढत बसलेले.

"अहो, हे काय?"

"तुझी फुलं झाली बघून. आता माझं काम."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर टमाटे इकत न्हाय."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"न्हाय व्हत. फडकं बांधतो." आजवर फडकं म्हटलं की जीव कोंडणारा माणूस फडक्याची लाच देत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्यांच्या हातातून नळी ओढली. त्यांनी सोडली नाही. पन्नाशीकडे झुकलेली आम्ही दोघं शेडमध्ये एक नळी दोन्हीकडून ओढत उभी होतो आणि दोघांनाही दम लागला होता. मग मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांबा. मॅडमना फोन करते, येऊ देत. मग काय करायचं ते करा." त्यांनी नळी सोडली, पण पंपाजवळून उठले नाहीत. तिथंच बसले, राखणीला.

मॅडम दुपारी आल्या. सरळ झेंडूच्या ओळीत गेल्या, एक भलंमोठं फूल तोडलं आणि तळहातावर फोडलं. पाकळ्यांच्या आत बुडाशी बोटभर हिरवी अळी. दुसरं फोडलं, तिथंही. त्यांनी आजूबाजूच्या कळ्या बघितल्या, पोखरलेल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"तोडत नव्हता ना?"

मी नवस सांगितला. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. तिसऱ्या बैठकीतून उठून चौथीला निघाल्यासारखा चेहरा झाला.

"ताई, सापळा लावलात, उंदीर आत आला, आणि त्याला रोज पोळी घालत बसलात. पतंगाने अंडी इथं घातली, ते बरोबर झालं. तेवढंच काम झेंडूचं. पुढचं काम तुमचं होतं. अळ्या इथं खाऊन पोसल्या, फुलं जून झाली, आणि आता त्या शेजारी निघाल्यात. इथंच कोष करून नवे पतंगही उठले असतील. झेंडू नसता तर एवढ्या झाल्या नसत्या असंसुद्धा म्हणता येईल."

एवढ्यात आत्याबाई काठी टेकत आल्या. त्यांना आपल्या फुलाचा तोडलेला देठ लांबूनच दिसला होता.

"कुनी तोडलं?"

"मी तोडलं, आजी," मॅडम म्हणाल्या. "सगळीच तोडायला लागतील. आज."

"आज? आठ दिसांवर घट हायत! देवीला बोललीय मी. पोराच्या जिवावर बोललीय!"

"आजी, पोराच्या जिवासाठीच सांगते. ही आज नाही तोडली तर तुमचं पोरगं उद्या पंप घेणार. शेडात धुऊन ठेवलाय, बघून या."

आत्याबाई शेडकडे गेल्या नाहीत. त्यांनी काठी बगलेत धरली, वाकून एक फूल घेतलं, सगळ्यात मोठं, आणि नखाने पाकळ्या बाजूला केल्या. अळी त्यांच्या अंगठ्यावर आली. बराच वेळ त्या तिच्याकडे बघत होत्या.  मालक शेडच्या दारात येऊन उभे होते.

"देवीला हे घालणार व्हते मी?" आत्याबाई म्हणाल्या. मग अळी खाली टाकून काठीने चिरडली आणि मला म्हणाल्या, "बादली आण. उभी काय राह्यलीस?"

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी फुलं तोडली. आत्याबाई, मी, बांधणीच्या दोन बायका. फूल, कळी, जे किडलेलं दिसेल ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत. कोवळ्या, न पोखरलेल्या कळ्या ठेवल्या, कारण सापळा पुढे चालू राहायला हवा होता. मालकांना मॅडमनी टोमॅटोच्या ओळी दिल्या. पोखरलेलं फळ तोडायचं, मोठी अळी दिसली तर हाताने वेचायची. "हे तुमचं," त्या म्हणाल्या. "पानं उलटी करून बघायची सवय तुम्हालाच आहे." मालकांनी पोतं कमरेला बांधलं आणि खाली मान घालून लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी सोळा ओळी केल्या. तीन वेळा बसले, तीनदा उठले.

तेवढ्यावर भागणार नव्हतं. लहान अळ्या वेचून संपत नाहीत. मॅडमनी घाटेअळीच्या, म्हणजे याच हिरव्या अळीच्या, विषाणूची बाटली आणली होती. हा विषाणू फक्त त्या अळीला मारतो, माणसाला नाही. मात्र तो उन्हात टिकत नाही म्हणून संध्याकाळी मारायचा, आणि पाण्यात थोडा गूळ आणि कपड्याची नीळ टाकायची, म्हणजे पानावर चिकटतो आणि उन्हापासून वाचतो. आत्याबाईंनी नीळ आणून दिली, तीही पुटपुटत, "पोराची धोतरं पांढरी करायची नीळ, आता अळीची करा."

आणि मग प्रश्न आला. पंप कुणी घ्यायचा?

मालक उभे राहिले. "विषारी न्हाय म्हणल्या ना मॅडम. मग मी घेतो."

"आज विषारी नाही," मी म्हटलं. "आज पाठीवर चढला की उद्या उतरायचा नाही. तुम्हाला मी ओळखते."

मी पंप घेतला. सोळा लिटर म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पट्टे खांद्यात रुतत होते, नीळ मिसळलेलं पाणी हातावरून ओघळत होतं, आणि मागून मालक बांधावरून ओरडत होते, "पानाच्या खालनं मार! हितं राहिलं!" फवारणीवाल्याचं दुःख मला तेव्हा कळलं. दोन संध्याकाळी लागल्या. पाच-सहा दिवसांनी सकाळी गेले तर झेंडूच्या शेंड्यांना आणि टोमॅटोच्या फांद्यांना काळपट, पिचपिचीत अळ्या उलट्या लोंबत होत्या. असं मरताना ती अळी शेंड्यावर चढते, मॅडमनी आधीच सांगितलं होतं. बघायला चांगलं नव्हतं. मालक मात्र खूश झाले. एका जागी उभे राहून मोजू लागले. मी म्हटलं, पुरे.

घटस्थापनेला देवीची पहिली माळ आम्ही बाजारातल्या फुलांची घातली. पाचव्या माळेपासून आमच्या नव्या कळ्या फुलल्या, रोज तपासलेल्या, स्वच्छ. आत्याबाई म्हणाल्या, "चार देवीनं माफ केल्या. पाच घेतल्या." हिशेब त्यांचा आणि देवीचा, मी मधे पडले नाही.

टोमॅटोचा पहिला तोडा किडका निघाला. पुढचे बरे आले. मग ऑक्टोबरात पाऊस आणि सकाळचं धुकं आलं, आणि पानांवर करपा. करप्याला झेंडू काय करणार आणि तुळस काय करणार? ती बुरशी आहे. तिला फुलं आवडतही नाहीत आणि नावडतही नाहीत. बुरशीनाशक मारावंच लागलं, दोनदा. पांढऱ्या माशीला एकदा. तेही मीच मारलं, हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून. डोक्याला उपरणं मात्र मालकांचंच. हंगामभर मोजलं तर मालक आधी जितक्या वेळा पंप घ्यायचे त्याच्या मानाने हे फारच थोडं होतं. पण शून्य नव्हतं. टोपीवालीचा तो थेंब आमच्या रानात पडलाच.

हंगाम संपत आला तेव्हा एका संध्याकाळी मालकांनी विचारलं, "मग झेंडूनं केलं तरी काय?"

मी दमले होते, नाटक करायचा जोर नव्हता. म्हटलं, "झेंडूनं अळी कुठं आहे ते दाखवलं. वीस गुंठ्यांत शोधायच्याऐवजी दोन ओळींत. बाकी आपण केलं."

"आणि तुळशीनं?"

"तुळशीवर मधमाश्या होत्या. छान दिसत होत्या. आणि त्या बारीक गांधीलमाश्या असतात, अळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या, त्याही तिथं दिसतात म्हणे. मॅडमना वाटतं थोडा उपयोग झाला असेल. मला नाही सांगता येत."

त्यांनी कोपऱ्यातली बादली पुढे ओढली. मग म्हणाले, "रोज सकाळी कळ्या मी बघतो पुढच्या बारीला. त्याला पंप लागत न्हाय." आणि हे त्यांनी केलंही. या वर्षी रोज पहाटे बादली घेऊन ते दोन ओळी करून येतात, मग चहा. एक दिवस चुकला तर अस्वस्थ होतात, पूर्वी पंप चुकला की व्हायचे तसे. मला रोज झोपायला थोडा जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात अंग दुखतं ते कळतं.

मागच्या महिन्यात त्यांना तपासणीला बारामतीला घेऊन गेले. त्याच डॉक्टरांनी छाती तपासली, रक्ताचा कागद वाचला आणि खूश झाले. "बरं वाटतंय. फवारणी बंद केली ना पूर्ण?"

"माझी बंद," मालक म्हणाले, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांनीही मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे बघत होते, फार आवडीने. माझ्या खांद्यावर पट्ट्याचा वळ होता तो पदराखाली होता, पण हाताला नखापाशी निळसर डाग राहिला होता, यंदा पुन्हा मारलेल्या निळीच्या पाण्याचा. डॉक्टरांनी तो बघितला.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"थोड्याच वेळा," मी म्हटलं. "मास्क लावते."

त्यांनी मालकांचा कागद बाजूला सारला, पेन उचललं, एक नवा कोरा कागद पुढे ओढला आणि मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं.